दीड तासाच्या ब्लाउजच्या व्हिडिओचे भाग गूगलमध्ये वेगवेगळे कसे दिसतील?

शिलाईकट्टा

माझ्या सासूबाई कोथरूडला बरीच वर्षं शिवणाचे क्लास घेतात. त्यांचा कटोरी ब्लाउजचा सगळा धडा एकाच व्हिडिओत घेऊन यूट्यूबवर टाकलाय. मापं घेण्यापासून हुक लावण्यापर्यंत, १ तास ३८ मिनिटं. लोक बघतात, पण कमेंटमध्ये रोज एकच प्रश्न: "काकू, बाही कुठे दाखवली आहे?"

कुणीतरी सांगितलं की डिस्क्रिप्शनमध्ये वेळा लिहिल्या की प्रत्येक भाग गूगलमध्ये स्वतंत्र निकाल म्हणून दिसतो. म्हणजे "बाही कशी लावायची" शोधलं तर थेट बाहीचा भाग. म्हणून मी हे लिहिलं:

```
०.४५ ते २.४० - प्रस्तावना
२.४० ते १४.०५ - भाग १
१४.०५ ते २७.३० - भाग २
२७.३० ते ४४.२५ - भाग ३
```

असे शेवटपर्यंत दहा भाग. पंधरा दिवस होऊन गेले, काहीही बदललेलं नाही. काय चुकतंय?

रँकिंगवाला

ताई, नुसत्या वेळा लिहून काही होत नाही. गूगलला स्कीमा लागतो. पानावर क्लिपचा कोड टाकायचा, त्यात प्रत्येक भागाचं नाव आणि सुरुवातीचा सेकंद द्यायचा. शिवाय प्रत्येक नावात मुख्य कीवर्ड हवा. "कटोरी ब्लाउज कटिंग मराठी भाग १", "कटोरी ब्लाउज कटिंग मराठी भाग २" असं. मग दहाही भाग वेगवेगळे रँक होतात.

पर्वतीपायथा

रँकिंगवाला म्हणतात तो कोड खरा आहे, पण तो स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःचा व्हिडिओ ठेवणाऱ्यांसाठी. व्हिडिओ यूट्यूबवर असेल तर ते पान तुमच्या ताब्यात नसतं, कोड टाकणार कुठे? तिथे डिस्क्रिप्शनमधल्या वेळा हाच मार्ग आहे, आणि तो पुरतो.

ताई, आधी अपेक्षा जरा दुरुस्त करू. दहा भागांचे दहा निकाल दिसत नाहीत. निकाल एकच, तुमच्या व्हिडिओचा. त्याच्या खाली भागांची नावं आणि वेळा ओळीने येतात आणि नावावर टिचकी मारली की व्हिडिओ तिथून सुरू होतो. कधी कधी एखाद्या नेमक्या प्रश्नाला गूगल त्यातला एकच भाग पुढे काढून दाखवतं. गूगलने हे २०१९ मध्ये आणलं. यूट्यूबच्या खालच्या पट्टीचे तुकडे पडतात ते चॅप्टर २०२० मध्ये आले. दोन्हींना खाद्य मात्र एकच, तुमच्या त्या ओळी.

आता एक बघून सांगा. व्हिडिओखाली डिस्क्रिप्शन उघडा. वेळा निळ्या दिसतात का?

शिलाईकट्टा

नाही. सगळं काळंच आहे.

पर्वतीपायथा

मग गूगलपर्यंत जायचंच नाही, गाडी पहिल्याच स्टेशनवर उभी आहे. वेळ निळी झाली नाही म्हणजे यूट्यूबला ती वेळ आहे हेच कळलेलं नाही.

तुमच्या ओळींत तीन अडचणी आहेत. अंक देवनागरी आहेत. मी करून पाहिलंय, ते निळे होत नाहीत, इंग्रजीच लागतात. आपण मराठीत वेळ टिंब देऊन लिहितो, ६.१० ची लोकल, तसं इथे चालत नाही, मध्ये कोलन हवा. आणि "ते" नको. फक्त सुरुवात लिहायची. पुढच्या भागाची सुरुवात हाच आधीच्या भागाचा शेवट, तो यूट्यूब स्वतः धरतं. एका ओळीत एक वेळ, तिच्यापुढे त्याच ओळीत नाव.

निवृत्त_मास्तर

माझ्या दहावीच्या भूमितीच्या व्हिडिओंवर एक विद्यार्थी कमेंटमध्ये अशा वेळा लिहून देतो आणि त्या व्यवस्थित निळ्या होतात. मी ती कमेंट वर पिन करून ठेवतो. मग डिस्क्रिप्शनला हात लावायची गरज काय? शिवाय मला वाटतं ताईंनी व्हिडिओ कापून दहा छोटे व्हिडिओ करावेत. एवढं लांब मुलं बघत नाहीत.

पर्वतीपायथा

सर, कमेंटमधली वेळ निळी होते, टिचकी मारली की तिथे जाताही येतं. पण पट्टीचे तुकडे तिच्यामुळे पडत नाहीत. तुमच्या व्हिडिओची पट्टी बघा, अखंड असेल. विद्यार्थ्याने काम केलंच आहे, ते उचलून डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवा. त्याला विचारून हो.

कापण्याचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर नंतर येतो.

शिलाईकट्टा

सगळं पुन्हा टाइप केलं. आता गंमत बघा: काही ओळी निळ्या झाल्या, काही नाहीत! दोन्ही सारख्याच दिसतात. खालच्या दोन ओळी जशाच्या तशा चिकटवते. पहिली निळी आहे, दुसरी काळी.

```
14:05 कागदावर पाठीचा भाग
27ः30 कटोरीचा पेपर पॅटर्न
```

पर्वतीपायथा

दुसऱ्या ओळीत कोलन नाही, विसर्ग आहे. दुःखातला विसर्ग. मराठी कीबोर्ड चालू असताना बोट त्यावर पडतं आणि डोळ्यांना दोन टिंबं तशीच दिसतात. मोठ्या अक्षरात बघितलं तर विसर्गाच्या टिंबांऐवजी दोन छोटी वर्तुळं दिसू शकतात, पण ते फॉन्टवर अवलंबून आहे. त्यापेक्षा सोपं: सगळ्या वेळा आधी इंग्रजी कीबोर्डवर एकाखाली एक लिहून घ्या, मग मराठीवर येऊन फक्त नावं भरा.

तुळशीबागवाली

अग्गबाई! आमच्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर मी आयुष्यभर "वेळ ः" असंच लिहीत आले.

शिलाईकट्टा

विसर्गच होता! चार ओळींत. आता सगळ्या निळ्या आहेत. पण पट्टी अजून अखंडच. सध्या असं आहे:

```
0:45 प्रस्तावना
0:52 नमस्कार व क्लासची माहिती
2:40 भाग १
14:05 भाग २
```

पर्वतीपायथा

दुसरं स्टेशन. निळं झालंय पण तुकडे पडत नाहीत, म्हणजे वेळा कळल्या पण यादी नियमात बसत नाही. नियम थोडेच आहेत. पहिली ओळ 0:00 चीच हवी. किमान तीन वेळा हव्यात आणि चढत्या क्रमाने. कुठलाही भाग दहा सेकंदांपेक्षा छोटा नको.

तुमची यादी 0:45 पासून सुरू होते. सुरुवातीला संगीत आणि बोधचिन्ह असेल म्हणून तुम्ही ते सोडलंत, स्वाभाविक आहे, पण यूट्यूबला ते चालत नाही. आणि 0:45 ते 0:52 हा भाग सात सेकंदांचा आहे. दोन्ही मिळून एकच 0:00 ची ओळ करा.

एवढं करूनही पट्टी तुटली नाही तर चॅनलवर स्ट्राइक चालू आहे का बघा. तसं असलं तरी चॅप्टर मिळत नाहीत.

कॅमेरा_कर्वेनगर

माझाही अनुभव टाकतो, कारण यात मी एक रात्र घालवली आहे. लग्नाच्या मेकअपचा दोन तासांचा धडा दाविंची रिझॉल्व्हमध्ये एडिट केला आणि प्रत्येक भागाला मार्कर लावले. मार्करच्या वेळा उचलून डिस्क्रिप्शनमध्ये टाकल्या. निळ्या झाल्या, पण टिचकी मारली की भलतीकडेच. बेस शोधणारी मुलगी थेट आंबाड्यावर.

कारण असं की रिझॉल्व्हची टाइमलाइन मुळात शून्यापासून सुरू होत नाही, 01:00:00:00 पासून होते. म्हणजे माझा चौथ्या मिनिटाचा मार्कर 01:04:10:00 असा दिसत होता. व्हिडिओ दहा मिनिटांचा असता तर लगेच कळलं असतं. दोन तासांच्या व्हिडिओत एक तास चार मिनिटं ही वेळ खरीच वाटते ना! शेवटचा चौथा आकडा फ्रेमचा, तोही काढावा लागतो. आता मी नवीन टाइमलाइन करतानाच सुरुवात 00:00:00:00 करून घेतो.

पर्वतीपायथा

उत्तम मुद्दा. त्याचंच भावंड सांगतो. व्हिडिओ चढवल्यानंतर यूट्यूबच्याच एडिटरमध्ये सुरुवातीचा चाळीस सेकंदांचा तुकडा कापलात तर पुढच्या सगळ्या वेळा चाळीस सेकंदांनी चुकतात. डिस्क्रिप्शन हा नुसता मजकूर आहे, तो आपोआप सरकत नाही. त्यामुळे वेळा नेहमी चढवलेल्या, अंतिम व्हिडिओवरून घ्यायच्या, आणि एकदा तरी प्रत्येक ओळीवर स्वतः टिचकी मारून बघायची.

शिलाईकट्टा

पट्टीचे तुकडे पडले!! सासूबाईंनी चष्मा लावून मोजले, बरोबर दहा.

पण त्यांची एक शंका आहे. लोक आता उड्या मारत फक्त बाही बघून निघून जातील. मापं न बघता बाही लावली तर झोळ येणारच, आणि नाव क्लासचं खराब होणार.

आणि गूगलमध्ये अजून काही नाही.

पर्वतीपायथा

काकूंची शंका खोटी नाही. काही जण उडी मारतीलच. पण आज ते बाही न सापडून पहिल्या दहा मिनिटांतच जात असतील. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक किती वेळ टिकतात त्याचा आलेख आहे, तो उघडा. जिथे उंचवटा दिसतो तिथे लोक मागे येऊन पुन्हा बघतात. भाग नेमके कुठे पाडायचे हेही तो आलेखच सांगतो.

आता तिसरं स्टेशन, गूगल. इथे "भाग १, भाग २" हीच मोठी अडचण आहे. जगात कुणीही गूगलला "भाग ३ दाखव" म्हणत नाही. नाव असं हवं की व्हिडिओ न बघितलेल्या माणसालाही ते वाचून आत काय आहे ते कळेल.

रँकिंगवाला

तेच मी म्हणत होतो. कीवर्ड घाला.

पर्वतीपायथा

नाही, तुम्ही प्रत्येक ओळीची सुरुवात "कटोरी ब्लाउज कटिंग मराठी"ने करा म्हणत होता. ही नावं गूगलमध्ये व्हिडिओच्या शीर्षकाखालीच येतात. शीर्षकात कटोरी ब्लाउज आहेच. तेच चार शब्द दहा वेळा आले तर मोबाइलवर प्रत्येक नाव तिथेच तुटतं आणि "बाही" हा कामाचा शब्द दिसतच नाही. वेगळा शब्द पुढे, बाकीचं मागे.

तुळशीबागवाली

मी दुकानात अस्तर आणि लेस विकते, दिवसभर शिवणाऱ्या बायकाच समोर असतात. माझं मत ऐका. कुणी "बाही जोडणी प्रक्रिया" असं शोधत नाही. बायका त्रास शोधतात. "मुंढ्यात झोळ का येतो", "गळा का उघडतो", "बाहीला चुण्या का पडतात". मी स्वतः तेच बोलून शोधते, टाइप करायला वेळ कुठाय.

शिलाईकट्टा

हे फार उपयोगी पडलं. सासूबाईंनी मुंढ्याच्या भागात झोळ कसा काढायचा ते दाखवलंय, पण नावात तो शब्दच नव्हता. नवी यादी:

```
0:00 कटोरी ब्लाउजला काय काय लागतं
2:40 अंगावरची मापं कशी घ्यायची
14:05 कागदावर पाठीचा भाग आखणे
27:30 कटोरीचा पेपर पॅटर्न
44:25 मुंढ्यात झोळ येऊ नये म्हणून
52:10 अस्तर आणि कापड कापणे
1:01:35 कटोरी जोडणे
1:13:50 बाही लावणे, चुण्या न पडता
1:24:15 गळ्याला उरेब पट्टी
1:31:40 हुकपट्टी आणि फिटिंग तपासणे
```

पर्वतीपायथा

छान झाली. दोन गोष्टी तपासा.

1:13:50 ला काकू नेमकं काय बोलत असतात? धागा संपला, बॉबिन भरली, असं चाळीस सेकंद चालू असेल तर सुरुवात पुढे न्या. टिचकी मारणाऱ्याला पहिल्या वाक्यात बाही ऐकू आली पाहिजे, नाहीतर तो चुकीच्या जागी आलो समजून परत जातो. वाक्याच्या एखादा सेकंद आधी ठेवा, म्हणजे पहिला शब्द तुटत नाही.

दुसरं, पहिल्या दोन भागांची विभागणी. मापं साडेअकरा मिनिटं चालतात. त्यात छाती, खांदा, मुंढा, कटोरीची उंची असं वेगळं वेगळं असेल तर कटोरीची उंची हा एक भाग वेगळा काढा, कारण साध्या ब्लाउजला ते माप लागत नाही आणि अडतात ते तिथेच. बाकीची मापं एकत्र राहू द्या. प्रत्येक मापाचा भाग केला तर यादी वीसच्या पुढे जाईल आणि कुणी वाचणार नाही.

शिलाईकट्टा

तुम्ही व्हिडिओ बघितलात की काय? 1:13:50 ला त्या खरंच सुई बदलत होत्या. 1:14:25 केलं. आणि कटोरीची उंची 9:20 पासून वेगळी काढली.

कॅमेरा_कर्वेनगर

नावं मराठीत ठेवावीत की इंग्रजी लिपीत? माझे बरेचसे प्रेक्षक `katori blouse bahi kashi lavaychi` असंच टाइप करतात. मी सगळी नावं इंग्रजी लिपीत ठेवतो.

तुळशीबागवाली

मला ते वाचायला त्रास होतो बाई. "bahi" आहे की "bhai" तेच कळत नाही.

पर्वतीपायथा

यावर माझं मत पक्कं नाही. मी नावं देवनागरीत ठेवतो, आणि शीर्षकात किंवा डिस्क्रिप्शनच्या पहिल्या परिच्छेदात लोक इंग्रजी लिपीत काय टाइप करतात ते एकदा येऊ देतो. स्टुडिओत यूट्यूबच्या शोधातून लोक कोणते शब्द टाइप करून आले ते दिसतं. ताई, तिथे देवनागरी जास्त आहे की इंग्रजी लिपी, ते बघून ठरवा. माझ्याकडे व्याख्यानांचे व्हिडिओ असतात, तिथला प्रेक्षक वेगळा.

शिलाईकट्टा

बघितलं. मिसळ आहे! "कटोरी ब्लाउज" देवनागरीत, पण `blouse cutting` हे शब्द इंग्रजीत. "मुंढा" शोधणारे थोडे, पण "आर्महोल" शोधणारेही आहेत. म्हणून 44:25 ची ओळ "मुंढा, आर्महोल: झोळ येऊ नये म्हणून" अशी केली.

रँकिंगवाला

आणि क्लासची वेबसाइट आहे का? तिथे हाच व्हिडिओ लावून माझा कोड टाका, मग दोन ठिकाणी दिसेल.

पर्वतीपायथा

यूट्यूबचा व्हिडिओ वेबसाइटवर नुसता लावला तर गूगल बहुतेक वेळा यूट्यूबचंच पान दाखवेल. आणि डिसेंबर २०२३ पासून गूगलच्या व्हिडिओ विभागात तीच पानं येतात ज्यांवर व्हिडिओ हाच मुख्य मजकूर आहे. क्लासची फी, पत्ता, फोटो आणि तळाशी व्हिडिओ, असलं पान त्यात बसत नाही.

ज्यांचा व्हिडिओ खरोखर स्वतःच्या साइटवर आहे त्यांच्यासाठी तुमचा कोड बरोबर आहे. व्हिडिओच्या माहितीत प्रत्येक भाग असा जातो:

```
"hasPart": [{
  "@type": "Clip",
  "name": "मुंढ्यात झोळ येऊ नये म्हणून",
  "startOffset": 2665,
  "url": "https://example.com/katori?t=2665"
}]
```

44:25 म्हणजे २६६५ सेकंद. दोन भागांची सुरुवात एकाच सेकंदाला नको, आणि तो पत्ता उघडल्यावर व्हिडिओ खरोखर त्या सेकंदापासून सुरू झाला पाहिजे. बऱ्याच साइटवर पत्त्यात t=2665 असतं आणि व्हिडिओ मात्र पहिल्यापासून वाजतो. मग कोड कितीही नीटनेटका असला तरी व्यर्थ.

रँकिंगवाला

बरं, हे मान्य. पण मी वेगवेगळ्या व्हिडिओंचा सल्ला सोडणार नाही. मास्तर म्हणाले तेच. बाहीचा दहा मिनिटांचा स्वतंत्र व्हिडिओ असेल तर त्याचं स्वतःचं शीर्षक, स्वतःचं चित्र, स्वतःचा निकाल.

पर्वतीपायथा

त्यात तुम्ही बरोबर आहात. पूर्ण स्वतंत्र निकालच हवा असेल तर स्वतंत्र व्हिडिओला पर्याय नाही. मी एवढंच म्हणेन की दहाही कापू नका. ज्या भागाबद्दल रोज विचारणा होते तो एक, म्हणजे बाही, वेगळा करून टाका, आणि त्यात साध्या ब्लाउजची बाहीही दाखवा, म्हणजे तो जुन्याचा तुकडा न राहता स्वतःच्या पायावर उभा राहील.

निवृत्त_मास्तर

एका प्रमेयाचा एक व्हिडिओ. मी करतो आता.

शिलाईकट्टा

दहा-बारा दिवसांनी लिहितेय. यूट्यूबवर शोधलं की आमच्या व्हिडिओखाली चॅप्टरची यादी उघडते. गूगलमध्ये शीर्षकाचे शब्द टाकले तर भाग दिसतात, मी लॉग आउट करून मोबाइलवर बघितलं. पण नुसतं "बाही लावणे" टाकलं तर आमचा पत्ताच नाही, दुसऱ्यांचे छोटे व्हिडिओ येतात. "मुंढ्यात झोळ" ला मात्र एकदा आमचा तो एकच भाग वर आला, दुसऱ्या दिवशी परत गायब.

पर्वतीपायथा

दाखवायचं की नाही, आणि कुठल्या प्रश्नाला, हे गूगल ठरवतं. वेळा लिहिल्याने ते शक्य होतं, हमी मिळत नाही. झोळाला आलात कारण तो नेमका प्रश्न आहे आणि उत्तरं कमी आहेत. "बाही लावणे" ला गर्दी आहे.

तुळशीबागवाली

काकूंना सांगा, पैठणीच्या ब्लाउजला काठ बाहीवर कसा बसवायचा तो व्हिडिओ काढा. लग्नसराईत माझ्याकडे तेच विचारतात आणि मराठीत नीट दाखवलेलं मला तरी सापडलं नाही.

शिलाईकट्टा

काकू विचारताहेत, काठ चार बोटांचा की सहा?